वास्तुशांतीचं निमंत्रण: प्रवेश सकाळी ७:१० ला, जेवण साडेबाराला, मग लोकांना बोलवायचं किती वाजता?

ओवी
नमस्कार मंडळी. येत्या फाल्गुन शुद्ध तृतीयेला, शनिवारी, आमच्या ठाण्यातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. पत्रिका छापणार नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवणार. पण सासूबाईंना ती "पत्रिकेसारखी दिसली पाहिजे" आणि नवऱ्याला ती "आपण बोलतोय अशी वाटली पाहिजे". मी मधे.

गुरुजींनी दिलेल्या वेळा अशा: ७:१० ते ७:५० या दरम्यान कलश घेऊन घरात पाऊल, आठला पूजा सुरू, पूर्णाहुती बाराच्या आसपास, जेवणं साडेबारापासून. सासूबाईंचा मसुदा:

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या नूतन वास्तूचा गृहप्रवेश व वास्तुशांत फाल्गुन शुद्ध तृतीया, शनिवार रोजी, सकाळी ७ वाजून १० मिनिटे या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा, ही विनंती. कृपया आहेर आणू नये.

याखाली नवऱ्याने जोडलेलं:

इतकी वर्षं भिंतीत खिळा मारायला घरमालकांची परवानगी घ्यावी लागली. या घरातला पहिला खिळा आम्ही आजोबांच्या घड्याळासाठी मारणार आहोत. तो बघायला तरी याच!

सासूबाई म्हणतात, मंगलकार्याच्या पत्रिकेत खिळा कसला? तुम्हीच सांगा. आणि वेळेचं कसं लिहू तेही सांगा. ७:१० वाचून माझी चुलतसासू कर्जतहून पहाटेची लोकल पकडून येईल, एवढं नक्की.

चकली_कडबोळी
अभिनंदन ओवी! परतभेट म्हणून तांब्याची छोटी वाटी दे, सगळ्यांच्या उपयोगाची. आमच्याकडे स्टीलचे डबे दिले होते, निम्मे लोक विसरून गेले. पंगत किती जणांची आहे? बुफे ठेवणार असशील तर पोळ्या गरम राहतील याकडे लक्ष दे.

ओवी
धन्यवाद! पण परतभेटीचं अजून ठरलेलं नाही. सध्या गाडी निमंत्रणावरच अडली आहे.

छापखाना
तीस वर्षं पत्रिका जुळवल्या, आधी खिळ्यांवर, मग संगणकावर. त्यामुळे खिळ्याला माझा पाठिंबा आहेच.

वेळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. निमंत्रणात मोठ्या अक्षरांत जी वेळ असेल तीच लोक धरतात. "शुभमुहूर्त ७:१०" असं ठळक छापलंत तर अर्धे लोक सातला येतील, उरलेले "एवढ्या सकाळी कोण जातंय" म्हणून येणारच नाहीत. लग्नपत्रिकेत मुहूर्त छापतात कारण अक्षता टाकायला सगळ्यांनी त्या मिनिटाला हजर राहायचं असतं. वास्तुशांतीत पाहुण्यांना त्या मिनिटाला काही काम नसतं. म्हणून ज्या वेळी ते दारात उभे राहावेत असं तुम्हाला वाटतं, ती वेळ ठळक. मुहूर्त लहान अक्षरांत, किंवा नाहीच.

दुसरं, "तीर्थप्रसाद" म्हणजे जेवण की शिरा आणि चमचाभर तीर्थ, हे वाचणाऱ्याला कळत नाही. जेवण असेल तर सरळ "भोजन" लिहा आणि किती ते किती तेही लिहा. नाहीतर लोक घरी जेवून दोनला टपकतात.

राहूकाळ_बघून_बोला
शनिवारी ९ ते १०:३० राहूकाळ असतो, हे गुरुजींनी सांगितलं का? तुमची पूजा आठला सुरू होऊन बारापर्यंत चालणार, म्हणजे सगळा राहूकाळ मधेच आला. माझ्या मते प्रवेशच सव्वाअकरानंतर करा. वृषभ लग्नही मिळेल, तेही स्थिर आहे. पाहुण्यांनाही प्रवेश बघायला मिळेल आणि निमंत्रणात एकच वेळ लिहावी लागेल. तुमचा सगळा प्रश्नच सुटला!

ओवी
हे वाचून सासूबाई परत गुरुजींना फोन लावायला निघाल्या आहेत. कुणी जाणकार आहे का इथे?

समिधा
मी पुण्यात पौरोहित्य करते, म्हणून सांगते. आईंना म्हणावं, फोन ठेवा.

राहूकाळबुवांचं वृषभ लग्नाबद्दलचं बरोबर आहे. गृहप्रवेशाला स्थिर लग्न बघतात. वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ ही ती चार. फेब्रुवारीच्या अखेरीस सूर्य कुंभेत असतो म्हणून सूर्योदयाला कुंभ लग्नच चालू असतं. ठाण्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि कुंभ लग्न पावणेआठ-सातपन्नासला संपतं. मग मीन, मेष, आणि सव्वाअकराच्या आत-बाहेर वृषभ लागतं ते एक वाजून गेल्यावर संपतं. गुरुजींनी ७:१० ते ७:५० दिलं ते याच हिशोबाने. त्यात उत्तरा भाद्रपदा नक्षत्र असेल तर प्रवेशासाठी ते उत्तम, तिन्ही उत्तरा ध्रुव नक्षत्रांत येतात.

आता राहूकाळ. ९ ते १०:३० हे सूर्योदय सहाला धरून केलेलं कोष्टक आहे. खरा राहूकाळ त्या दिवसाच्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ भाग करून काढतात, शनिवारी तिसरा भाग. सूर्योदय सातला धरला तर तो साधारण पावणेदहा-दहाला सुरू होऊन सव्वाअकराच्या पुढेमागे संपतो. आणि तो बघायचा असतो काम सुरू करताना. संकल्प आठला झाला की काम सुरू झालं. चालू असलेली पूजा राहूकाळ आला म्हणून कुणी थांबवत नाही. आमच्याकडच्या जुन्या भटजींना राहूकाळाचं फारसं कौतुकही नव्हतं.

सव्वाअकराला प्रवेश केला तर काय होईल ते बघा. प्रवेश, मग गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, मग वास्तुमंडल आणि ग्रहांची स्थापना, होम, बलिदान, पूर्णाहुती. घाई न करता याला चार तास लागतात. म्हणजे पाहुण्यांची पानं साडेतीनला वाढायची आणि यजमान दांपत्य सकाळपासून उपाशी. प्रवेश सगळ्यांना दिसला पाहिजे म्हणून एवढं करू नका. त्यापेक्षा पूर्णाहुतीला बोलवा. बाराची पूर्णाहुती तुमच्या त्या वृषभ लग्नातच येते, म्हणजे दोन्ही पक्ष खूश.

राहूकाळ_बघून_बोला
कोष्टकाचं मान्य. पण आमच्या मंगळूरच्या शेजाऱ्यांकडे राहूकाळात पूजा चालू ठेवतानाही बघतात, एवढं नोंदवून ठेवतो.

समिधा
दक्षिणेकडे जास्त पाळतात, खरं आहे. ओवीताईंचे गुरुजी जे पाळतात ते त्यांनी पाळावं.

ठेचा_भाकर
माझा अनुभव सांगतो, थोडा वेगळा आहे. आमचा फ्लॅट नागपूरला. मुंबईच्या मेव्हण्याने मोबाइलवरच्या पंचांगातून प्रवेशाची वेळ काढून पाठवली, आम्ही तीच निमंत्रणात टाकली. गुरुजींनी वाचून विचारलं, ही कुठली वेळ? नागपुरात सूर्य मुंबईच्या जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी उगवतो, मग लग्नही तेवढंच आधी संपतं. आमची वेळ पाच मिनिटांनी मीन लग्नात जात होती. अ‍ॅपमध्ये गाव बदललं की वेळ बदलते, हे मेव्हण्याच्या गावीही नव्हतं. निमंत्रण दुसऱ्यांदा पाठवावं लागलं आणि "वेळ बदलली आहे" म्हटल्यावर दोघातिघांना वाटलं कार्यक्रमच पुढे गेला.

तेव्हा ताई, गुरुजींनी वेळ ठाण्याची काढली आहे ना, एवढं विचारून घ्या.

ओवी
गुरुजी कळव्याचेच आहेत, तेवढ्यासाठी वाचलो :)

समिधाताई, पूर्णाहुतीचं पटलं. पण मग ७:१० ला कोण कोण हवं? आणि काही लोकांना सातचं, काहींना बाराचं असं वेगवेगळं निमंत्रण पाठवलं तर बरं दिसेल का? फॅमिली ग्रुपवर पाचव्या मिनिटाला दोन्ही शेजारी शेजारी पोस्ट होतील. आत्या तर मोजूनच बघतात.

समिधा
प्रवेशाला तुम्ही दोघं, मूल, तुमचे आई-बाबा किंवा सासू-सासरे, एक-दोन सवाष्णी आणि गुरुजी, एवढे पुरेत. दाराला तोरण, उंबऱ्यावर हळदकुंकू, तुमच्या डोक्यावर किंवा हातात भरलेला कलश, त्यांच्या हातात देव. आत गेल्यावर पहिल्यांदा दूध उतू घालतात. गॅसची पाइपलाइन अजून सुरू झाली नसेल तर छोटी शेगडी आधीच नेऊन ठेवा. माझ्या एका यजमानांकडे कलश दारात आणि शेगडी खालच्या गाडीत, असं झालं होतं.

अजून एक, जे कुणी लिहीत नाही. आठ ते बारा तुम्ही दोघं उपरणं आणि पदराची गाठ बांधून पाटावर असता. उठता येत नाही, बोलता येत नाही, फोन तर नाहीच. सकाळी नऊला आलेला पाहुणा बिचारा रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून तुमची पाठ बघत राहतो. म्हणून निमंत्रणात संपर्काला तुमचा नंबर देऊ नका. दिराचा, भावाचा, जो पाटावर नसेल आणि ज्याला पार्किंग कुठे ते सांगता येईल, त्याचा द्या.

गच्चीवर_बंदी
शेवटचं वाक्य सोन्यासारखं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, दर मोसमात पाच-सहा वास्तुशांती बघतो. यजमानाचा फोन पिशवीत वाजत असतो आणि गेटवर वॉचमन कुणाला सोडायचं म्हणून माझ्याकडे धावतो.

निमंत्रणात विंग, मजला, कोणत्या गेटने यायचं आणि गाडी कुठे लावायची, हे चारही हवं. नव्या संकुलात सगळ्या इमारती सारख्याच दिसतात, नकाशाची लिंक मुख्य गेटपर्यंतच आणते. आदल्या दिवशी गेटवर येणाऱ्यांची साधारण संख्या आणि वेळ लिहून द्या. लिफ्ट एक आणि माणसं पन्नास, तीही बाराला एकदम आली तर खाली रांग लागते. म्हणून "साडेअकरापासून" लिहा, म्हणजे लोक थोडे विखरून येतील.

आणि होम. तुमच्या हॉलमध्ये धूर ओळखणारा डिटेक्टर आहे का ते आधी बघा. तो धुराने वाजतो. छताला लाल काचेची नळी असलेला फवारा असेल तर तो धुराने नाही, उष्णतेने फुटतो. लाल नळी बहुतेक ठिकाणी ६८ अंशांची असते. म्हणजे समिधांच्या धुराने पाणी येणार नाही, पण कुंड बरोबर त्याच्याखाली मांडू नका. डिटेक्टरवर कॅरीबॅग बांधणारे बहाद्दर मी पाहिलेत. तसं करू नका, इमारतीच्या व्यवस्थापनाला दोन दिवस आधी सांगितलं की ते त्या खोलीपुरता बंद करून नंतर चालू करतात. कुंडाखाली विटा आणि वाळूचा थर घाला, नुसत्या फरशीवर ठेवलंत तर व्हिट्रिफाइडला तडा जातो. तो डाग नंतर कुठल्याच गालिच्याखाली लपत नाही, कारण नेमका मधोमध असतो.

ओवी
डिटेक्टर आहे. आजच मेल केला. याचा विचारच केला नव्हता, खरंच आभार.

निव्वळ_निरीश्वर
चार तास धूर, उपाशी नवराबायको, पन्नास माणसं आणि लिफ्टची रांग. आम्ही दूध उतू घातलं, आईने देवासमोर दिवा लावला, संध्याकाळी मित्रांना भेळ खायला बोलावलं. निमंत्रणात एकच ओळ होती: "घर घेतलंय, बघायला या, सहानंतर कधीही." कुणाचं काही बिघडलं नाही.

चकली_कडबोळी
तुमच्याकडे आत्या नसतील :)

निव्वळ_निरीश्वर
आहेत. त्यांनी भेळेत कांदा जास्त झाला म्हटलं.

ओवी
निरीश्वर, माझाही जीव अर्धा तुमच्या बाजूला आहे. पण सासूबाईंनी हे घर होईपर्यंत दर सोमवारी उपास केलेत, त्यामुळे होम होणारच. भेळेचा दिवस ऑफिसच्या लोकांसाठी वेगळा ठेवतो.

कोकणकडा
रविवार का नाही ठेवला? शनिवारी माझ्यासारख्या अर्ध्या लोकांना कामावर जावं लागतं.

समिधा
प्रवेशाला रविवार आणि मंगळवार टाळावेत असं मुहूर्तग्रंथांत आहे. तरी शहरात निम्म्या वास्तुशांती रविवारीच होतात, मीही केल्या आहेत, लग्न आणि नक्षत्र चांगलं मिळालं तर. शनिवार मिळाला असेल तर मात्र कशाला बदलायचा?

छापखाना
दोन निमंत्रणांचा प्रश्न मागे राहिला. माझ्याकडे लोक दोन मजकूर घेऊन यायचे, "घरचं" आणि "बाहेरचं". मी एकच करायला सांगायचो. दोन केली की कुणाला कोणतं गेलं याचा हिशोब ठेवावा लागतो आणि एक तरी चुकीच्या लिफाफ्यात जातंच. निमंत्रण एकच करा, बाराचं. सकाळी जे हवेत त्यांना फोन करा. फोन ग्रुपवर फॉरवर्ड होत नाही.

ठेचा_भाकर
फोनचं कानावर येतंच की. आमच्याकडे "तिला बोलावलं, मला नाही" यावर दोन दिवाळ्या गेल्या. त्यापेक्षा निमंत्रणातच दोन्ही वेळा लिहून "सकाळी येऊ शकलात तर आनंदच" असं लिहा. येणारे येतील.

छापखाना
अहो, "आनंदच" लिहिलं की सगळेच येतात! चहा-नाश्ता कोण करणार? सासूबाई तर पूजेचं साहित्य हातात देत असणार.

ठेचा_भाकर
पोहे करायला शेजारी असतात हो. आमच्या विदर्भात असतात तरी.

गच्चीवर_बंदी
नव्या इमारतीत शेजारी अजून राहायला आलेला नसतो, हाच तर घोळ आहे.

समिधा
"आहेर आणू नये" याबद्दल एक. वास्तुशांतीला यजमान दांपत्याला माहेरचा आहेर होतो, पूजेत तो घेण्याची वेळही असते. ही ओळ वाचून तुमच्या आई-बाबांनी खरंच काही आणलं नाही तर गुरुजी विचारतील आणि सगळे एकमेकांकडे बघतील. ओळ ठेवा, पण माहेरी वेगळं सांगून ठेवा.

ओवी
आईने साडी आणि उपरणं आधीच आणून ठेवलंय, वर म्हणाली, "तुझ्या पत्रिकेत काही का लिहिलं असेना." म्हणजे तो विषय मिटला.

दुसरा विषय उभा राहिलाय. गुरुजी म्हणाले, वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची, तिथली एक फरशी सैल ठेवा. आमचा आग्नेय कोपरा स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाशी. प्लंबर म्हणतो, तिथून पाइप गेलाय, हात लावायचा नाही.

गच्चीवर_बंदी
प्लंबरचं ऐका. फरशीखाली दोन-तीन इंचांचा भराव असतो, त्यात पाइप गेला असेल तर छिन्नी लावायला जागाच उरत नाही. न्हाणीघराची भिंत जवळ असेल तर खालचं वॉटरप्रूफिंगही फाटतं, मग खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि तक्रार माझ्यासारख्याकडे येते. इमारतीच्या नकाशात पाइप कुठून गेलेत ते बिल्डरकडून मागून घ्या. त्याच दिशेला हातभर अलीकडे मोकळी जागा असते बहुतेक वेळा.

समिधा
हातभर अलीकडे चालतं, आग्नेय भागात असलं म्हणजे झालं. प्रतिमा डबीत पालथी ठेवून पुरतात, डबी छोटी असते, पाव फरशीएवढीही जागा नको. फक्त गवंडी त्या दिवशी बाराला हजर पाहिजे, नाहीतर पाहुणे उघड्या खड्ड्याभोवती उभे राहून जेवतात. फरशी अजिबात उचलता येत नसेल तर काय, यावर आमच्यातच एकमत नाही. काही जण डबी कुंडीतल्या मातीत ठेवायला सांगतात, काही भिंतीतल्या कोनाड्यात, काही म्हणतात भूमीत नाही तर निक्षेप कसला. तुमच्या गुरुजींशीच बोला.

राहूकाळ_बघून_बोला
कुंडीत तुळस लावायची का मग वर?

समिधा
कृपया नको. तुळशीला रोज पाणी घालाल आणि दर पावसाळ्यात कुंडी बदलाल.

कोकणकडा
खिळ्यावर कुणी बोललंच नाही. मला तोच मजकूर आवडला. बाकीचं निमंत्रण कुणाचंही असू शकतं, तेवढ्या दोन ओळी मात्र याच घराच्या आहेत.

छापखाना
ठेवा, पण जागा बदला. सासूबाईंचा मजकूर पूर्ण होऊ द्या, सह्या होऊ द्या, मग खाली ताजा कलम म्हणून खिळा. वर कुलस्वामिनी आणि खाली खिळा, मधे पुरेसं अंतर. "तो बघायला तरी याच!" मधला "तरी" काढा, त्यात रुसवा वाटतो. आणि उद्गारचिन्हही.

समिधा
खिळा पूजा झाल्यावर मारा हं. निक्षेप होईपर्यंत हातोडी नको. आणि त्या रात्री तिथेच झोपा, फर्निचर यायचं असलं तरी. प्रवेश करून घराला कुलूप लावून परत जुन्या घरी जाऊ नये म्हणतात.

ओवी
सगळ्यांचं ऐकून नवा मजकूर केला आहे. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला. "योजिले आहे" राहिलं म्हणून त्यांनी खिळा चालवून घेतला.

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

स. न. वि. वि.
श्रीकृपेने आम्ही आमच्या नव्या घरात येत आहोत. फाल्गुन शुद्ध तृतीया, शनिवार या दिवशी घराची वास्तुशांत करण्याचे योजिले आहे. गृहप्रवेश सकाळी कुंभ लग्नावर घरच्या घरी होईल.

आपण सर्वांनी साडेअकरापासून यावे, ही आग्रहाची विनंती.
पूर्णाहुती व आरती: दुपारी १२
भोजन: साडेबारा ते अडीच

पत्ता: बी विंग, नववा मजला. गाडी मागच्या गेटने आत आणावी, पाहुण्यांचं पार्किंग तिथेच डावीकडे आहे. आम्ही पूजेला बसलेले असू, त्यामुळे वाट विचारायची असेल तर धाकट्या दिरांना फोन करावा.
आपला आशीर्वाद हाच आहेर.

आपले नम्र,
आजी, आई, बाबा आणि चिऊ

ता. क. इतकी वर्षं भिंतीत खिळा मारायला घरमालकांची परवानगी लागायची. जेवणं झाली की या घरातला पहिला खिळा आजोबांच्या घड्याळासाठी मारणार आहोत. तो बघायला थांबा.

छापखाना
छान झालंय. "साडेअकरापासून" ठळक आहे, बरं केलंत. फक्त चित्र करून पाठवताना अक्षर मोठं ठेवा, मागे गणपतीचा फिकट फोटो घालू नका. साठीच्या पुढचे लोक मजकूर शोधत बसतात. आणि पत्ता चित्राखाली परत टाइप करून पाठवा, म्हणजे नकाशात शोधायला कॉपी करता येतो.

ठेचा_भाकर
"घरच्या घरी" वाचून आत्या विचारणार, मी घरची नाही का?

ओवी
विचारल्याच. नवऱ्याने मसुदा आधी त्यांनाच दाखवला होता. आता आत्या प्रवेशाला साडेसहाला हजर असणार आहेत आणि पोहेही त्याच करणार आहेत. चुलतसासूंना मात्र अजून काही कळवलेलं नाही, त्यांचं कसं करायचं ते ठरेना.

चकली_कडबोळी
कर्जतच्या ना? त्यांना आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलाव, पहाटेची लोकल तरी वाचेल. आणि परतभेटीचं काय ठरलं?